दुधाचा कप, फॉस्फरसचा आकडा आणि बदलत गेलेला सल्ला

किडनीच्या दीर्घ आजारात एक डॉक्टर ‘दिवसाला अर्धा कप दूध, बस’ म्हणतात आणि दुसरे वाटीभर दह्याला हरकत घेत नाहीत. या तफावतीचं मूळ बरंचसं २००३ आणि २०२० या दोन सालांतल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. १९६०च्या दशकात, डायलिसिस दुर्मीळ असताना, युरोपात अगदी कमी प्रथिनांचा आहार आला. पुढे लक्ष फॉस्फरसकडे वळलं, कारण तो साठला की पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागते आणि हाडांची झीज होते. फॉस्फरस आतड्यातच अडवायला अ‍ॅल्युमिनियमची औषधं दिली गेली, पण अ‍ॅल्युमिनियम मेंदूत आणि हाडांत साठू लागलं. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या, आणि २०००च्या सुमारास रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठण्याची धास्ती वाढली. दुधात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही असल्यामुळे ते दोन्हीकडून संशयात सापडलं.

२००३ साली अमेरिकेतल्या सूचनांनी आकडा दिला: रक्तातला फॉस्फरस वाढलेला असेल तर आहारातून दिवसाला ८०० ते १००० मिलिग्रॅम. गाईच्या २४० मिलीलिटर दुधात सुमारे २२० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, म्हणजे एका कपात दिवसाचा जवळपास पाव वाटा संपतो. अर्ध्या कपाचा नियम या हिशेबात चपखल बसतो. पण तो ज्या ताटासाठी बसवला, त्यात प्रथिनं मांस-अंड्यांतून येतात. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचं दूध तोडलं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढेल या भीतीने डाळही कमी केली, तर त्याच्या ताटात प्रथिनं उरतात किती? डायलिसिसवर असलेल्या ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतात. हा प्रश्न त्या सूचनांत नव्हता.

२०२०च्या सुधारणेत ठरावीक आकडा गेला. रक्तातली पातळी नेहमीच्या मर्यादेत राहील असा आहार ठेवा आणि फॉस्फरस कुठून येतो ते पाहा, एवढंच सांगितलं. कारण धान्य-कडधान्यांतला बराच फॉस्फरस फायटेट या सहज न पचणाऱ्या संयुगात अडकलेला असतो आणि निम्म्याहून कमी शोषला जातो. दुधातला त्याहून जास्त शोषला जातो. आणि प्रोसेस्ड चीज, पाकीटबंद मांस, कोला यांत घातलेली फॉस्फेटं जवळजवळ सगळी अंगी लागतात. २०११ साली अमेरिकेत नऊ रुग्णांना फॉस्फरस सारखाच असलेले दोन आहार एकेक आठवडा दिले, तर शाकाहारी आहारावर रक्तातला फॉस्फरस कमी राहिला. नऊ जणांवर धोरण उभं करता येत नाही, पण एका आकड्यावरचा विश्वास त्याने हलवला. माझ्या मते आकडा काढला ते योग्यच झालं. अडचण अशी की त्याच्या जागी दर महिन्याच्या रिपोर्टसोबत ताट तपासणारा आहारतज्ज्ञ हवा, आणि डायलिसिस सेंटरमध्ये तो अनेकदा नसतो. म्हणून काय खावं, काय टाळावं याचा जुना छापील कागदच रुग्णाच्या हातात पडतो.

त्या कागदावर सगळे दुधाचे पदार्थ एकाच ओळीत असतात, आणि तिथेच आपलं जास्त नुकसान होतं. दही आंबट होताना दुधातलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून पाण्यात उतरतं. पोटॅशियम आधीपासून पाण्यातच असतं. दही फडक्यात टांगलं की दोन्हींचा बराच भाग निवळीबरोबर निघून जातो आणि प्रथिनं मागे राहतात. १०० ग्रॅम साध्या दह्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ९५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. घट्ट निथळलेल्या चक्क्यात तेवढ्याच वजनाला १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि १३५ मिलिग्रॅम फॉस्फरस. म्हणजे दर ग्रॅम प्रथिनामागे भार निम्म्यावर येतो. अट एवढीच की ती निवळी कणकेत किंवा कढीत परत जाऊ नये. तसं झालं तर निथळण्याचा उपयोग शून्य. दोनशे ग्रॅम चक्का खाल्ला तरी हिशेब पुन्हा वर जातोच, हेही खरं.

पोटॅशियमचा सल्लाही याच वाटेने बदलला. एक कप दुधात ते साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. पूर्वी सरसकट सगळ्यांना बंधन असे, आता रक्तातली पातळी पाहून ठरवतात. सुरुवातीच्या टप्प्यात ज्याची पातळी ठीक आहे, त्याला दूध-फळं तोडायचं कारण नसतं. पातळी चढली तर रक्तदाबाची काही औषधं, बद्धकोष्ठता आणि ‘लो सोडियम’ मीठ हेही तपासावं लागतं, कारण त्या मिठात पोटॅशियमच असतं.

आणखी एक फरक डायलिसिसचा. चार तासांच्या एका फेरीत साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो. पाश्चात्त्य तक्ते आठवड्याला तीन फेऱ्या धरून केलेले आहेत. आपल्याकडे खर्चापायी किंवा अंतरापायी अनेकांच्या दोनच होतात. अशा रुग्णाला शेजारच्या बेडवरच्या, तीन फेऱ्या घेणाऱ्या रुग्णापेक्षा कमी दही सांगितलं, तर दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात.