ऊस बिलाची पडताळणी

साखर कारखान्याला ऊस घातल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या बिलातील वजन, दर आणि कपाती स्वतः ताडून पाहणे. महाराष्ट्रात बहुतेक कारखाने पंधरवड्याचे बिल काढतात. त्यात उसाचे टनेज, टनाचा दर, एकूण रक्कम, वसुलीचे रकाने आणि बँकेत वर्ग केलेली रक्कम एवढेच असते. दर ज्यावरून ठरला तो साखर उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी, आणि दरातून आधीच वजा झालेली तोडणी-वाहतूक या दोन गोष्टी बिलावर बहुधा दिसत नाहीत. पडताळणीचे खरे काम तिथेच असते.

दराचा पाया म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, अर्थात एफआरपी. २००९-१० च्या हंगामापासून त्याने जुन्या वैधानिक किमान दराची जागा घेतली. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी होती. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३३ रुपये २० पैसे वाढायचे आणि घटला की तेवढेच कमी व्हायचे. मात्र साडेनऊ टक्क्यांखाली उतारा गेला तरी दर ३,१५१ रुपयांच्या खाली येत नव्हता. २०२५-२६ साठी मूळ दर ३,५५० आणि वाढीचा टप्पा ३४ रुपये ६० पैसे झाला. म्हणून बिल कोणत्या हंगामाचे आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो, आपल्या फडाचा नव्हे. को ८६०३२ या जातीचा पक्व ऊस घालणाऱ्याला आणि कोवळा खोडवा तोडू देणाऱ्याला एकच दर मिळतो. बी-हेवी मळीपासून किंवा थेट रसापासून इथेनॉल केले की पोत्यात पडणारी साखर कमी होते, पण दर काढताना ही घट उताऱ्यात परत मिळवावी लागते. तिचे प्रमाणपत्र मांजरीची वसंतदादा साखर संस्था देते. त्यामुळे गाळपाच्या रोजच्या आकड्यांतला उतारा आणि दरासाठी धरलेला उतारा यांत फरक दिसला तर लगेच घोटाळा समजू नये. उलट इथेनॉल करूनही दोन्ही आकडे सारखेच असतील, तर मात्र विचारणा करावी.

उतारा कोणत्या वर्षाचा धरायचा, यावर मोठा वाद झाला. पूर्वी मागील हंगामाच्या उताऱ्यावर दर निघे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये पद्धत बदलली. पुणे आणि नाशिक विभागांत १० टक्के, तर उरलेल्या विभागांत साडेनऊ टक्के उतारा धरून पहिला हप्ता द्यायचा आणि चालू हंगामाचा उतारा निश्चित झाल्यावर उरलेली रक्कम द्यायची, असे ठरले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर कमी वाटला तर ‘उतारा किती आणि कोणत्या हंगामाचा धरलात’ हे शेतकी कार्यालयाला लेखी विचारलेले बरे. तोंडी विचारणाऱ्याला ‘अंतिम बिलात बघू’ असेच ऐकावे लागते.

आता एक नमुना हिशेब पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत, एफआरपी मात्र २०२४-२५ ची आहे. उतारा ११.५० धरला, तर तो मूळ उताऱ्यापेक्षा १.२५ ने, म्हणजे साडेबारा टप्प्यांनी जास्त आहे. साडेबारा गुणिले ३३.२० म्हणजे ४१५ रुपये, आणि एकूण एफआरपी ३,८१५. कारखान्याचा सरासरी तोडणी-वाहतूक खर्च टनाला ९०० रुपये असेल, तर हाती येण्याजोगा दर २,९१५ उरतो. ही वजावट नियमानुसारच आहे, कारण एफआरपी कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाची असते. पण ती सरासरीने होते, म्हणून काट्याशेजारच्या गावाला लांबच्या उसाच्या भाड्याचा भार उचलावा लागतो. आसपासच्या कारखान्यांपेक्षा हा खर्च फारच जास्त लावलेला असेल, तर गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरून आणलेला ऊस, किती होता हे पाहावे.

बिलावरचा दर निव्वळ असेल, तर वसुलीच्या रकान्यात वाहतूक पुन्हा येता कामा नये. ती दिसली तर एकच खर्च दोनदा कापला गेला. स्वतःच्या ट्रॅक्टरने ऊस घातला असेल, तर वाहतुकीचा दर आपल्या खात्यावर वेगळा जमा व्हायला हवा. टोळीची खुशाली आणि चालकाची एन्ट्री यांचा मात्र कोणत्याच कागदावर पत्ता नसतो. ती शेतकऱ्याच्या खिशातून जाते आणि हिशेबात दिसत नाही.

वजनाची तपासणी सोपी आहे, पण त्यासाठी काटा पावत्या जपून ठेवाव्या लागतात. आपल्या नमुन्यात तीन खेपा गेल्या: १४.२६०, १३.९०५ आणि १४.२२० टन. प्रत्येक पावतीवर भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्याचे वजन आणि त्यांची वजाबाकी असते. बेरीज येते ४२.३८५ टन. बिलात ४१.५७५ असेल, तर ०.८१० टनाचा फरक पडला. असा फरक बहुतेक वेळा आकड्यांच्या अदलाबदलीतून येतो, इथे १३.९०५ चे १३.०९५ झाले. २,९१५ च्या दराने ही चूक २,३६१ रुपयांना पडते. पावतीवरचा गट नंबर आणि सभासद क्रमांकही बघावा, कारण भावाभावांच्या सारख्या नावांमुळे एखादी खेप दुसऱ्याच्या खात्यावर चढते. काट्याबद्दलच शंका असेल तर बिलाची वाट पाहू नये. पुढची खेप आधी बाहेरच्या काट्यावर करून न्यावी आणि फरक आढळल्यास वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करावी.

वजन दुरुस्त झाले असे धरू. कारखान्याने पहिली उचल २,८०० जाहीर केली, तर ४२.३८५ टनांचे १,१८,६७८ रुपये होतात. त्यातून विकास सोसायटीचे ८५,००० आणि कारखान्याच्या गोदामातून उधार नेलेल्या खताचे ६,२०० गेले. ठेव टनाला २५ रुपयांप्रमाणे १,०५९ रुपये ६३ पैसे कापली. बँकेत २६,४१८ रुपये ३७ पैसे आले.

सोसायटीची वसुली खरी आहे की नाही, हे सोसायटीच्या खातेउताऱ्यावरच कळते. कारखान्याने कापलेली तारीख आणि सोसायटीत जमा झालेली तारीख यांत महिनाभर अंतर पडले, तर त्या काळाचे व्याज नाहक शेतकऱ्याच्या माथी बसते. बेणे, खत किंवा रोख उचल यांची वसुली आपल्या सहीच्या मागणीपत्राशी जुळवावी आणि आधीच्या बिलात तीच रक्कम गेलेली नाही ना, हे पाहावे. ठेव परतीची की बिनपरतीची, हे वार्षिक सभेच्या ठरावात असते. नुसते ‘इतर’ लिहिलेली कपात मान्य करू नये, तिचा तपशील मागावा.

राहिले ११५ रुपये. २,९१५ आणि २,८०० यांतल्या या फरकाचे ४,८७४ रुपये अजून येणे आहेत. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज लागते. या थकीत रकमेवर ते दिवसाला जेमतेम दोन रुपये होते. पण १४ दिवसांनंतरही पूर्ण १,२३,५५२ रुपये थकले, तर पुढच्या दर दिवसाला सुमारे ५१ रुपये होते. आदेशात एक पळवाटही आहे. लेखी करार वेगळा असेल तर १४ दिवसांची अट लागू होत नाही, आणि ऊस नोंदीच्या वेळी पुढे सरकवलेल्या छापील कागदात हप्त्यांना संमती अनेकदा दडलेली असते. व्याज मागण्यापूर्वी त्या कराराची प्रत मिळवावी. असा करार नसेल, तर पावत्या आणि बिले जोडून पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे अर्ज करता येतो. आयुक्त थकबाकी महसुली येण्याप्रमाणे वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात.