टोपण लावून काढलेले फोटो

कास म्हटलं की बहुतेकांना सप्टेंबरची फुलं आठवतात. आकाशाचे फोटो काढणारे मात्र डिसेंबरची वाट बघतात. हवा कोरडी असते, मध्यरात्रीच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेला चांगलं उंच येतं आणि त्यातला तेजोमेघ साध्या डीएसएलआरलाही सापडतो. समजा, १३५ मिमीची लेन्स ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या ट्रॅकरवर बसवली आणि आयएसओ १६०० ठेवून ६० सेकंदांचे पन्नासेक फोटो घेतले. घरी येऊन फोटो उजळला, की तेजोमेघाबरोबर लाल-निळे ठिपके दिसतात, कोपरे काळवंडलेले असतात आणि कुठेतरी धुळीचं धुरकट कडं उमटलेलं असतं. ठिपके सेन्सरमुळे येतात. कोपरे आणि कडं येतं ते प्रकाशाच्या वाटेतल्या अडथळ्यांमुळे. म्हणून दोन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

सेन्सरवर प्रकाश पडला नाही तरी उष्णतेमुळे पिक्सेलमध्ये थोडे इलेक्ट्रॉन साठतच राहतात. काही पिक्सेल यात फारच उतावळे असतात, आणि तेच ठिपके म्हणून दिसतात. गंमत अशी की तेवढ्याच वेळात आणि तेवढ्याच तापमानाला तोच पिक्सेल दर वेळी साधारण तेवढंच साठवतो. म्हणून लेन्सला टोपण लावून, आयएसओ आणि वेळ तीच ठेवून फोटो काढायचा. ही डार्क फ्रेम. मूळ फोटोतून ती वजा केली की ठिपके जातात.

मात्र डार्क फ्रेममध्येही स्वतःची अनियमित खरखर असते आणि वजाबाकीत तीही मूळ फोटोत मिसळते. त्यामुळे एका डार्कवर भागत नाही. २५ डार्कची सरासरी घेतली तर ही खरखर पाचपट कमी होते. मूळ फोटोतली अनियमित खरखर डार्कने जात नाहीच; ती कमी करायला फोटोंचीच संख्या वाढवावी लागते.

खरी अडचण तापमानाची. सेन्सर साधारण ६ अंशांनी तापला की उष्णतेमुळे साठणारे हे इलेक्ट्रॉन दुप्पट होतात. संध्याकाळी सेन्सर २६ अंशांवर असेल आणि पहाटे १४ वर, तर फरक चौपट झाला. म्हणून डार्क तिथेच, त्याच रात्री काढावेत. काही मधल्या वेळात, काही शेवटी. दुसऱ्या दिवशी दुपारी साताऱ्यात घरी बसून काढलेले डार्क गरजेपेक्षा जास्त वजा करतात, आणि लाल ठिपक्यांच्या जागी टाचणीने टोचल्यासारखी काळी भोकं दिसू लागतात. भोकं दिसली, की डार्क जास्त गरम होते असं समजावं.

कोपऱ्यांचं गणित वेगळं. तिथे लेन्समधून प्रकाशच कमी पोहोचतो, म्हणून वजाबाकी नाही, भागाकार लागतो. त्यासाठी फ्लॅट फ्रेम: लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून पहाटेच्या एकसारख्या उजळ आकाशाकडे धरायचं आणि हिस्टोग्रामचा डोंगर मधोमध येईल असा फोटो घ्यायचा. फोकस आणि अ‍ॅपर्चर रात्रीचंच हवं, कॅमेरा लेन्सवर फिरलेला नको. फोकस हलला तर धुळीच्या कड्यांचा आकार बदलतो, आणि भागाकारानंतर ती पुसली जाण्याऐवजी उठावाच्या नक्षीसारखी एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळी दिसतात.

यात नवखे एका आकड्यापाशी अडकतात. कॅमेरा शून्य प्रकाशालाही शून्य लिहीत नाही. अनेक कॅमेरे २०४८ सारखा आकडा मुळातच मिसळतात. टोपण लावून सर्वांत कमी वेळेचा फोटो घेतला तर तोच आकडा मिळतो, त्याला बायस म्हणतात. समजा, कोपऱ्यात मध्यापेक्षा ६० टक्केच प्रकाश पोहोचतो. फ्लॅटमध्ये मध्यभागी खरा प्रकाश ८००० आणि कोपऱ्यात ४८००. पण फाइलमध्ये दिसतं १००४८ आणि ६८४८, म्हणजे ६८ टक्के. आता आकाशाचा खरा प्रकाश मध्ये १००० आणि कोपऱ्यात ६०० असेल, तर ६०० ला ०.६८ ने भागून येतात सुमारे ८८०. कोपरा काळाच राहिला. उलट फ्लॅटमधून बायस वजा केला, पण मूळ फोटोतून डार्क वजा करायचा राहिला, तर कोपऱ्यातल्या २६४८ ला ०.६ ने भागून ४४१३ येतात, मध्यभागी मात्र ३०४८ च. कोपरे झगझगीत होतात. म्हणून क्रम हा:

(मूळ फोटो − डार्क) ÷ (फ्लॅट − बायस)

भागाकाराआधी फ्लॅटच्या सगळ्या आकड्यांना त्याच्या मध्यभागाच्या आकड्याने भागून घ्यायचं, म्हणजे मध्यभागी १ येतो. डार्कमध्ये बायस आधीच असतो, त्यामुळे मूळ फोटोतून तो वेगळा वजा करायची गरज नाही. कॅमेऱ्यातली ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंदच ठेवावी. ती प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःचा डार्क काढत बसते आणि अर्धी रात्र त्यातच जाते.

पूर्वेकडे सातारा शहराच्या दिव्यांचा उजेड आकाशात चढलेला असतो. तो फ्लॅटने जात नाही, कारण तो लेन्सचा दोष नाही, खराच तिथे असलेला प्रकाश आहे. संध्याकाळी मृग त्याच बाजूने उगवतो, म्हणून तो वर येईपर्यंतचा वेळ डार्क काढण्यात घालवायचा मोह होतो. पण तेव्हा कॅमेरा अजून गरम असतो.