श्वेतपत्रिकेचं दोन पानी टिपण : त्यातले चार रकाने आले कुठून?

श्वेतपत्रिकेचा गोषवारा करायला बसलं की बहुतेक जण कागदावर चार रकाने आखून घेतात. मुख्य प्रस्ताव, बाजूने काय, विरोधात काय आणि खर्च किती. मग एकेक प्रकरण वाचत रकाने भरत जातात. आपल्याकडच्या श्वेतपत्रिकेत मात्र पहिला रकाना भरेना आणि तिसरा तर कोराच राहतो, असा अनुभव येतो. वाचणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. हे रकाने ज्या प्रकारच्या कागदासाठी बनले, तो कागद आणि आपल्या सरकारांची श्वेतपत्रिका यांचं नाव तेवढं एक आहे.

नाव ब्रिटिश संसदेतून आलं. तिथले जाडजूड अहवाल निळ्या पुठ्ठ्यात बांधले जात, म्हणून ते ‘ब्लू बुक’. त्याहून लहान दस्तऐवजाला वेगळा पुठ्ठा नसे, वरचं पानही आतल्यासारखंच पांढरं, म्हणून तो ‘व्हाइट पेपर’. पॅलेस्टाइनबद्दलचा १९२२ चा चर्चिल व्हाइट पेपर सुरुवातीच्या प्रसिद्ध उदाहरणांपैकी एक. पुढे या शब्दाला नेमका अर्थ चिकटला : सरकार कायदा करण्याआधी आपला इरादा लिहून मांडतं, तो कागद. भारताशी थेट संबंध असलेला असा कागद म्हणजे मार्च १९३३ चा घटनात्मक सुधारणांवरचा व्हाइट पेपर. त्यातल्या प्रस्तावांवर संसदेच्या संयुक्त समितीने काम केलं आणि त्यातून १९३५ चा भारत सरकार कायदा झाला. १९६७ पासून ब्रिटनमध्ये त्याच्याही आधीची एक पायरी आली, ‘ग्रीन पेपर’. सरकारचं मत अजून पक्कं नाही, लोकांनी सांगावं, असा तो कागद. म्हणजे प्रस्ताव, त्यावरचे आक्षेप आणि खर्च ही चर्चा कायदा होण्याआधी व्हायची असते. चार रकाने त्या कामासाठी सोयीचे आहेत.

भारतात नाव तेच राहिलं, काम बदललं. १९४८ ची भारतीय संस्थानांवरची श्वेतपत्रिका संस्थानं विलीन कशी झाली याची हकिगत होती. १९८४ ची पंजाबवर, १९९३ ची अयोध्येवर, मे २०१२ ची काळ्या पैशावर, फेब्रुवारी २०२४ ची अर्थव्यवस्थेवर. ही यादी बघितली तरी कळतं की यांत ‘पुढे काय करू’पेक्षा ‘मागे काय झालं’ याला जास्त जागा आहे. विधानसभेत विरोधक ‘श्वेतपत्रिका काढा’ म्हणतात तेव्हा ते हिशेब मागत असतात. मग सरकार हिशेब देतं, तोही स्वतःच्या बाजूने. म्हणून विरोधातला रकाना त्या कागदातून भरत नाही, तो बाहेरून आणावा लागतो.

विदर्भासाठी याचं सगळ्यात उपयोगी उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०१२ अखेरची राज्य सरकारची सिंचनावरची श्वेतपत्रिका. तिची मुळं त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालात आहेत. लागवडीखालच्या एकूण क्षेत्रात सिंचित क्षेत्राचा वाटा दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर आला, असं त्यातल्या आकड्यांवरून निघालं. याच काळात सिंचनावर ७०,००० कोटी रुपये खर्च झाल्याची चर्चा होती. ‘सत्तर हजार कोटी आणि शून्य पूर्णांक एक टक्का’ हे वाक्य गावोगावी पोचलं. सप्टेंबरमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, ते डिसेंबरमध्ये परतले, आणि दरम्यान दोन खंडांची श्वेतपत्रिका आली. तिचं म्हणणं होतं की दहा वर्षांतली वाढ ०.१ नव्हे, ५.१७ टक्के आहे.

गोषवारा करणारा नेमका इथे घसरतो. ‘सरकार म्हणतं ५.१७, विरोधक म्हणतात ०.१’ असं दोन ओळींत समोरासमोर लिहिलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण दोन्ही आकडे एकाच वहीतून आलेले नाहीत. कृषी आणि महसूल खात्याचा आकडा गावपातळीवरून वर जातो : तेव्हा तलाठी पीकपाहणी करायचा, गाव नमुना १२ मध्ये पिकाखालचं क्षेत्र जलसिंचित की अजलसिंचित ते लिहायचा, त्याची बेरीज तालुक्याला, मग जिल्ह्याला. जलसंपदा खात्याचा आकडा कालव्याकडून येतो : शेतकऱ्याचा नमुना ७ चा पाणी अर्ज, कालवा निरीक्षकाची मोजणी, त्यावरची पाणीपट्टीची आकारणी. एकच शेत एका वहीत ओलिताचं आणि दुसऱ्या वहीत कोरडवाहू असू शकतं. त्यात ०.१ हा टक्केवारीतला फरक आहे, म्हणजे टक्क्यातून टक्का वजा केलेला. १७.८ च्या मानाने ती वाढ साधारण अर्धा टक्का भरते. टिपणात म्हणूनच प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लागतात : कोणाची नोंद, कशाच्या प्रमाणात, आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. या तिन्हींपैकी एकही सापडत नसेल तर तो आकडा टिपणात घेऊच नये.

‘सिंचन’ या शब्दाचेही अशा कागदात दोन अर्थ फिरत असतात. धरण आणि कालवा तयार झाला की ‘निर्मित सिंचनक्षमता’ कागदावर येते. वितरिका आणि शेतचाऱ्या पूर्ण होऊन बांधावर पाणी आलं, तेव्हा ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’. पवनी किंवा ब्रम्हपुरीच्या टेलच्या शेतकऱ्याला दुसराच शब्द कामाचा, आणि सरकारी परिच्छेद बहुधा पहिल्याने सुरू होतो. सारांश करताना लांबी वाचवायला दोन्हींना नुसतं ‘सिंचन’ म्हटलं की पुढची सगळी चर्चा वाया जाते.

आता प्रस्तावांचा रकाना. श्वेतपत्रिकेत प्रस्ताव सहसा शेवटच्या भागात असतात. म्हणून वाचन मागून सुरू करावं : आधी शेवटचं प्रकरण, मग परिशिष्टं, मग मधला मजकूर. प्रस्ताव उचलताना क्रियापदावर पेन्सिल धरावी. ‘करण्यात येईल’ हे आश्वासन आहे. ‘प्रस्तावित आहे’ म्हणजे फाईल सुरू आहे. ‘विचाराधीन आहे’ म्हणजे फाईलही नसेल. ‘प्रयत्न करण्यात येतील’ याला विचारायला जाता येत नाही. गोषवाऱ्यात या चौघांचं सरसकट ‘सरकार करणार’ होतं, आणि सहा महिन्यांनी गावातले लोक टिपण लिहिणाऱ्यालाच धरतात. मूळ क्रियापद जसंच्या तसं ठेवावं आणि पुढे पानाचा क्रमांक द्यावा.

खर्चाचा रकाना गोसीखुर्दवर करून पाहू. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवरचा हा प्रकल्प. १९८३ च्या मंजुरीत किंमत ३७२.२२ कोटी, एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ च्या सुमारास राष्ट्रीय प्रकल्प झाला तेव्हाची सुधारित किंमत ७,७७७.८५ कोटी, आणि नंतरची १८,४९४ कोटींच्या वर. ‘किंमत पन्नासपट झाली’ ही ओळ खरी आहे, पण तिच्यावरून काही ठरवता येत नाही. आधी भाववाढ बाजूला काढावी. दर दहा वर्षांनी भाव दुप्पट होतात असं ढोबळ धरलं तर तीस वर्षांत आठपट, म्हणजे ३७२ कोटींचे साधारण ३,००० कोटी. उरलेल्या साडेपंधरा हजार कोटींचं कारण मात्र कागदाने द्यायला हवं : भूसंपादन, पुनर्वसन, वाढलेली व्याप्ती, बदललेलं संकल्पन, आणि दरवर्षी तुटपुंजी तरतूद झाल्याने रेंगाळलेलं काम. श्वेतपत्रिका ही कारणं सांगते, पण एकत्र सांगते. टिपणात ‘प्रत्येक कारणाचे किती कोटी?’ हा प्रश्न उघडा लिहून ठेवावा.

मग हेक्टरी हिशेब. प्रकल्पाची सिंचनक्षमता २,५०,८०० हेक्टर. ७,७७७ कोटींना भागलं तर हेक्टरी ३.१ लाख, म्हणजे एकरी सव्वा लाख. १८,४९४ कोटींना भागलं तर हेक्टरी सुमारे ७.४ लाख, एकरी तीन लाख. सभेत कोटी कोणाला धरता येत नाहीत, एकरी भाव लगेच कळतो. एक सावधगिरी मात्र हवी : सिंचनक्षमतेचे हेक्टर वर्षभराच्या पिकांचे असतात. ज्या बांधीत खरिपात धान आणि रब्बीत हरभरा, ती दोनदा मोजली जाते. जमिनीच्या हेक्टरवर खर्च याहून जास्त बसतो. पैसा कोणाचा हेही याच रकान्यात यावं. राष्ट्रीय प्रकल्पांना सुरुवातीला केंद्राचं ९० टक्के अर्थसाहाय्य होतं, नंतर तो वाटा घटला. म्हणून जुन्या टिपणातला ‘राज्यावर भार नाही’ हा मुद्दा नव्या टिपणात उतरवताना तपासावा लागतो.

विरोधातला रकाना, आधी म्हटल्याप्रमाणे, बाहेरून येतो. २०१२ च्या बाबतीत जलसंपदा खात्यातलेच मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी प्रकल्पांच्या फुगलेल्या किमतींवर लिहिलेली पत्रं होती, महालेखापरीक्षकांचे अहवाल होते, आणि श्वेतपत्रिकेनंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विशेष तपास पथकाचा अहवाल २०१४ मध्ये आला. या तिन्हींचं वजन सारखं नाही. पत्र हा एका माहितगाराचा आरोप असतो. लेखापरीक्षणात खात्याचं उत्तरही छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय आक्षेप उतरवू नये. पथकाचा अहवाल तिसऱ्याने केलेली तपासणी आहे. टिपणात तिघांच्या नावाने तीन वेगळी वाक्यं हवीत. ‘टीकाकारांच्या मते’ या दोन शब्दांत तिघांना कोंबलं की सरकारी बाजू आपोआप भारी दिसते. दोन्ही रकाने सारख्या लांबीचे करायचा हट्टही नको, जिथे पुरावा जास्त तिथे ओळी जास्त.

पूर्व विदर्भात एक मुद्दा चारही रकान्यांतून निसटतो, तो म्हणजे मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या या माजी मालगुजारी तलावांपैकी लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्याकडे. मोठ्या प्रकल्पांवरच्या कागदात त्यांना फारशी जागा मिळत नाही, गाळ काढण्याचा आणि पाळ दुरुस्तीचा खर्च वेगळ्याच लेखाशीर्षात असतो, आणि मग ‘दुसरा पर्याय नाही’ हे वाक्य ‘बाजूने काय’च्या रकान्यात बिनबोभाट बसतं. धानपट्ट्यातल्या गावासाठी टिपण असेल तर खर्चाच्या रकान्याखाली गावच्या तलावाची मूळ क्षमता, आजचा गाळ आणि दुरुस्तीचं शेवटचं अंदाजपत्रक, एवढं हाताने लिहावं. ते श्वेतपत्रिकेत मिळणार नाही, जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे उपविभागात मागावं लागेल.