लॉग परतावा: बेरीज जुळण्यामागचा इतिहास

एखाद्या शेअरचा भाव १०० वरून १५० झाला आणि पुढच्या वर्षी तो ७५ वर आला, तर पहिल्या वर्षाचा साधा परतावा अधिक ५० टक्के आणि दुसऱ्याचा उणे ५० टक्के भरतो. या दोन आकड्यांची बेरीज शून्य येते, पण गुंतवणूकदाराने प्रत्यक्षात २५ टक्के गमावलेले असतात. हिशेबात चूक कुठेच झालेली नाही. साधा परतावा प्रत्येक वर्षी त्या वर्षाच्या आरंभीच्या भावावर मोजला जातो, म्हणजे पहिले ५० टक्के १०० वरचे असतात आणि दुसरे १५० वरचे. पाया बदलत असल्याने अशा टक्क्यांची बेरीज करण्यात अर्थ नसतो. येथे खरी क्रिया गुणाकाराची आहे: १.५ × ०.५ = ०.७५.

गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करण्याचे साधन जॉन नेपियर यांनी १६१४ साली लॉगरिदमच्या कोष्टकांच्या रूपाने प्रसिद्ध केले, मात्र ते त्रिकोणमितीतील लांबलचक आकडेमोड सोपी करण्यासाठी होते. पैशाशी या कल्पनेचा संबंध जोडणारा प्रश्न याकोब बर्नुली यांनी १६८३ साली हाताळला. वर्षाला शंभर टक्के व्याज असताना ते अधिकाधिक वेळा मुदलात मिळवत गेले, तर एका रुपयाचे वर्षअखेर किती होतील? ही रक्कम अमर्याद वाढत नाही, ती २ आणि ३ यांच्या दरम्यानच्या एका संख्येपाशी स्थिरावते. सुमारे २.७१८ ही ती संख्या पुढे ऑयलर यांनी e या अक्षराने दर्शवली. लॉग परताव्याचा आर्थिक अर्थ येथूनच मिळतो: भाव अखंड चक्रवाढीने वाढत गेला असता, तर प्रत्यक्षात झाला तेवढाच बदल घडवणारा दर कोणता, याचे उत्तर म्हणजे लॉग परतावा.

बाजारभावांच्या अभ्यासात ही दृष्टी मात्र बरीच उशिरा आली. लुई बाशेलिए यांनी १९०० साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात भावातील फरक, म्हणजे नव्या भावातून जुना भाव वजा करून उरणारी रक्कम, यादृच्छिक मानली होती. त्यांच्यासमोर फ्रेंच सरकारी रोखे होते आणि त्यांचे भाव थोड्याच पट्ट्यात हलत असल्याने या गृहीतकाने फारसे बिघडत नव्हते. शेअरला तेच गृहीतक लावले की भाव शून्याखाली जाण्याची शक्यता मान्य करावी लागते, आणि १० रुपयांच्या शेअरचा चढउतार १००० रुपयांच्या शेअरएवढाच धरावा लागतो. हा दोष दूर करताना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ एम. एफ. एम. ऑस्बर्न यांनी १९५९ साली यादृच्छिक चाल भावाऐवजी भावाच्या लॉगरिदमची मानली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले निर्णायक पाऊल हेच आहे. लॉगरिदम कितीही उणे झाला, तरी त्याच्याशी जुळणारा भाव धनच राहतो. १९६५ साली युजीन फामा यांनीही शेअरभावांच्या अभ्यासात लॉगमधील फरकच वापरला आणि साधारण १५ टक्क्यांच्या आतील बदलांसाठी तो टक्केवारीच्या अगदी जवळ असतो, हे नमूद केले.

आता मूळ उदाहरण या मापाने पाहू. लॉग परतावा म्हणजे ln(नवा भाव ÷ जुना भाव), म्हणजेच दोन लॉगरिदमांची वजाबाकी; ln म्हणजे e हा पाया असलेला लॉगरिदम. पहिल्या वर्षी ln(1.5) = 0.4055 आणि दुसऱ्या वर्षी ln(0.5) = −0.6931 येतो. बेरीज −0.2876 भरते, आणि e चा हा घात काढला की 0.75 मिळतो. बेरीज जुळण्याचे कारण ln 150 − ln 100 आणि ln 75 − ln 150 ही पदे शेजारी मांडली की लगेच दिसते: मधला ln 150 एकदा अधिक आणि एकदा उणे येऊन कटतो. कालखंड दोन असोत वा दोन हजार, मधले सगळे भाव असेच कटत जातात आणि केवळ शेवटचा व पहिला भाव उरतो. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या दैनिक परताव्यांच्या विचरणांची, म्हणजे चढउतार मोजणाऱ्या प्रमाण विचलनाच्या वर्गांचीही अशीच बेरीज होते, आणि म्हणून दैनिक प्रमाण विचलनाला दिवसांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणून दीर्घ काळाचे विचलन काढता येते.

हा सोपेपणा काळाच्या दिशेनेच मिळतो, एकाच वेळी धरलेल्या अनेक शेअरच्या दिशेने मिळत नाही. अर्धी रक्कम ५० टक्के चढलेल्या शेअरमध्ये आणि अर्धी ५० टक्के घसरलेल्या शेअरमध्ये असेल, तर एकूण रक्कम जशीच्या तशी राहते आणि साध्या परताव्यांची सरासरी शून्य हे बरोबर सांगते. लॉग परताव्यांची सरासरी मात्र −0.1438 येते, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांचा तोटा, जो झालेलाच नसतो. म्हणून पोर्टफोलिओचा परतावा प्रत्येक कालखंडात आधी साध्या परताव्यांच्या भारित सरासरीने काढावा, त्याचा लॉग नंतर घ्यावा, आणि मगच कालखंडांची बेरीज करावी.