डबा २४ सेकंदांत भरतो, मग ३० कशाला?

हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात संत्रा बर्फीचे डबे भरण्याचं काम घ्या. ताई रिकामा डबा उचलते, त्यात १२ तुकडे रचते, झाकण लावते आणि डबा सीलिंग मशीनखाली धरते. स्टॉपवॉच लावून बरेच डबे मोजले, तर सरासरी २४ सेकंद येते. साडेसात तासांत १,१२५ डबे. हाच आकडा टार्गेट म्हणून फळ्यावर लिहिला की भांडण ठरलेलं.

कारण ते २४ सेकंद त्या ताईचे आहेत, कामाचे नव्हेत. म्हणून मोजणारा वेळेसोबत तिच्या गतीलाही अंक देतो. यालाच रेटिंग म्हणतात. सराव असलेला माणूस मन लावून, पण जीव न काढता ज्या गतीने काम करतो ती १००. सपाट रस्त्यावर मोकळ्या हाताने ताशी ६.४ किलोमीटर चालणं म्हणजे १००, असं एक जुनं माप आहे आणि त्यावर मोजणाऱ्याची नजर तयार करतात. आपली ताई चपळ आहे, तिचं रेटिंग ११०.

मात्र २४ पैकी ४ सेकंद मशीनचे आहेत. मशीन कोणाच्याही हाताखाली तेवढाच वेळ घेतं, म्हणून त्याला रेटिंग लावायचं नाही. हातकामाचे २० सेकंद गुणिले १.१० म्हणजे २२, अधिक ४, असे २६ सेकंद. चपळ बाईमुळे वेळ वाढली, हे आधी उलटं वाटतं. पण सामान्य गतीच्या बाईला एवढा वेळ लागणारच.

रेटिंग शेवटी अंदाजच असतो, तो पडताळायचा कसा? दुसऱ्या, संथ बाईला मोजा. तिला हातकामाला २७.५ सेकंद लागले आणि रेटिंग ८० दिलं, तर गुणाकार पुन्हा २२ येतो. मोजणाऱ्याने भिडेखातर ९० दिलं असतं तर पावणेपंचवीस आले असते. बहुतेक घोळ इथेच होतो: हात आखडता घेऊन सगळ्यांनाच १०० च्या आसपास बसवलं जातं.

आता सवलती. पाणी पिणं आणि लघवीला जाणं यासाठी ७ टक्के, मूळ थकव्यासाठी ४, उभ्याने कामासाठी ४. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जुन्या तक्त्यात स्त्रियांसाठी हेच आकडे आहेत. २६ गुणिले १.१५ म्हणजे जवळपास ३० सेकंद. ही प्रमाण वेळ. शिफ्टला ९०० डबे. त्यात एक तास श्वास घ्यायला मिळतो, जेवणाची सुट्टी वेगळी.

हा अभ्यास जानेवारीत झाला असेल, तर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो खोटा पडतो. उष्णतेची सवलत वेगळी द्यावी लागते. समजा ती १० टक्के धरली, तर वेळ साडेबत्तीस सेकंदांवर जाते आणि डबे ८३० वर येतात. जुलैत पारा उतरला म्हणून ती लगेच काढू नये. कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत चालतो. पावसाळी दमटपणात तो फक्त हवा फिरवतो, घाम वाळत नाही.