चित्रपुस्तक प्रुफाला देण्याआधी: डमी का मागतो?

"पुस्तकात शब्द मोजून चारशे, त्याला एवढे पैसे कशाचे?" नारायण पेठेतल्या आमच्या प्रूफ तपासण्याच्या टेबलावर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. चित्रपुस्तकाचे आम्ही शब्द मोजत नाही, पाने मोजतो. चारशे शब्द वाचायला पाच मिनिटे पुरतात. ते चोवीस पानांवर कुठे तुटतात आणि तुटल्यावर वाक्याचा अर्थ तोच राहतो का, हे पाहण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून मजकुराबरोबर आम्ही डमी, म्हणजे पुस्तकाची पानवार कच्ची प्रत मागतो, आणि नेमकी तीच येत नाही. येते ती वर्डची सलग फाइल आणि सोबत निरोप, "पाने डीटीपीवाला पाडेल."

डमी म्हणजे काही मोठे काम नाही. ए-फोर आकाराचे सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, झाली चोवीस पाने. पहिले पान उजवीकडे येते. म्हणजे विषम आकडे कायम उजवीकडे, सम आकडे डावीकडे. पेन्सिलीने प्रत्येक पानावर त्याचा मजकूर लिहा, चित्राच्या जागी नुसते "माळा", "टोपली" असे लिहिले तरी चालेल. आता मोठ्याने वाचत पाने उलटा. मूल पान उलटते ते उजव्या पानाच्या शेवटी. त्यामुळे "कोण असेल बरे?" हा प्रश्न उजव्या पानावर आणि उत्तर पुढच्या डाव्या पानावर हवे. दोन्ही समोरासमोर आली की मूल आधी चित्रातले उत्तर बघते आणि प्रश्न ऐकतच नाही.

हे वाचून "एवढे तर आम्हालाही कळते" असे वाटेल. ज्यांचे उदाहरण पुढे देतो आहोत त्यांनाही कळत होते. (त्यांची परवानगी घेतली आहे, नाव अर्थातच देत नाही.) पुस्तक मनी नावाच्या मांजरीचे. ती हरवते आणि आजी तिला घरभर शोधते. पान 1 शीर्षकाचे, 2 श्रेयांचे, 3 पासून गोष्ट. सातव्या पानाच्या शेवटी "आजीने हळूच टोपली उचलली. टोपलीखाली होती..." आणि पान उलटल्यावर आठव्यावर "एक चप्पल!" गंमत छान साधली होती. आम्ही प्रूफ वाचून, सही करून दिले.

नंतर कोणीतरी सुचवले की आजोबांच्या नावाने अर्पणपत्रिका हवी. एकच पान! ते तिसऱ्या पानावर बसवले आणि गोष्ट चौथ्यावर सरकली. सातवे पान आठवे झाले, आठवे नववे झाले. टोपली आणि चप्पल समोरासमोर.

एवढ्यावर थांबले असते तर एक गंमत गेली, इतकेच झाले असते. पण चित्रेही सरकली होती. दहाव्या पानाच्या चित्रात मजकुरासाठी डावीकडे मोकळी जागा सोडलेली होती. डाव्या पानावर ती बाहेरच्या कडेला येते. तेच चित्र अकराव्या, म्हणजे उजव्या पानावर गेले, आणि मोकळी जागा पुस्तकाच्या घडीत गेली. अक्षरे घडीत जाऊ नयेत म्हणून डीटीपीवाल्याने दुसरे वाक्य पुढच्या पानावर ढकलले. मूळ मजकूर होता, "मनीची उशी रिकामी होती. तिच्यावर फक्त केस होते." पुढच्या पानावर चित्र आजीचे, आणि त्यावर पहिलेच वाक्य, "तिच्यावर फक्त केस होते." व्याकरण शुद्ध, शुद्धलेखन शुद्ध. सलग फाइलमध्ये ही चूक जन्मात सापडणार नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे: गोष्टीत दोन "ती" असतील, तर पानाचा पहिला शब्द सर्वनाम नको. नाव पुन्हा लिहा.

आता चोवीस पाने तर वाढवता येत नाहीत, पिना मारायच्या पुस्तकाची पाने चारच्या पटीतच वाढतात. मग जागा करायला जुनी 14 आणि 15 एकत्र केली. दोन्ही पानांची सुरुवात "मग आजी" अशी होती. वेगवेगळ्या पानांवर तो ठेका होता, मुले सोबत म्हणतील असा. एका पानावर "मग आजी माळ्यावर गेली. मग आजी गच्चीवर गेली." आणि चित्र फक्त गच्चीचे. ठेका गेला, उरली दुरुक्ती. आणि चित्रात माळा शोधणारे मूल. सोळाव्या पानापासून सगळे पुन्हा जागेवर आले. म्हणूनच शेवटून चाळणाऱ्या कोणालाच काही खटकले नाही.

तेव्हा हात जोडून विनंती: प्रूफ झाल्यावर पान घालायचे किंवा काढायचे असेल तर आम्हाला कळवा. नुसते एखादे अक्षर बदलले तर आम्ही फुकट पाहतो. पान सरकले तर पुस्तक नव्याने वाचावे लागते आणि त्याचे निम्मे शुल्क पडते. काही जणांना हा अडवणुकीचा प्रकार वाटतो. वरच्या पुस्तकाला मात्र दुसऱ्यांदा छपाईचा खर्च आला, आणि तो आमच्या निम्म्या शुल्काहून बराच मोठा होता.

दुरुक्तीविषयी एक खुलासा, कारण यावरून वाद होतात. संगणकाला लागोपाठ दोनदा आलेला शब्द चूक वाटतो, मराठी मुलाला "लहान लहान पावले" गोड लागतात. आम्ही असे काही परस्पर काढत नाही, समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करतो, निर्णय लेखकाचा. पण नियम मात्र बघतो. "हळूहळू" मध्ये दुसरे आणि चौथे अक्षर दीर्घ. मांजर चालते ते "दुडुदुडु", तिथे नाद आहे म्हणून सगळे ऱ्हस्व. बालपुस्तकांत असे नादशब्द पानोपानी असतात आणि एकाच पुस्तकात दोन्ही प्रकारे लिहिलेले सापडतात. "केले" आणि "केलं" यांचेही तसेच. आमचा आग्रह दोन्हींपैकी कशाचाच नाही, आजी पान चारवर "काय झालं?" आणि पान सहावर "काय झाले?" म्हणाली तर मात्र विचारणार.

अनुस्वारासाठी चित्रे हवीतच. "झाडांवर पक्षी बसले" हे वाक्य बरोबर की चूक, हे चित्रात झाडे किती आहेत त्यावर ठरते. एकच झाड असेल तर "झाडावर". चित्रे रंगवून झालेली नसली तरी पेन्सिलीचे रेखाटन चालते, मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा चालतो. दुरुस्त्या मात्र फोटोवर रेघोट्या मारून पाठवू नका. तीस फोटोंत शेवटचा कोणता, हे तुम्हालाही आठवत नाही.

श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर असेल तर तसे सांगा. जोडाक्षरे आणि रफार आम्ही वेगळे तपासतो, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत.

घरी डमी जमली नाही तर अडून राहू नका. चोवीस आणि बत्तीस पानांच्या कोऱ्या डम्या, आकडे घातलेल्या, दाराजवळच्या खोक्यात ठेवल्या आहेत. काम आमच्याकडे दिले नाही तरी न्या.