टोचणारा स्वेटर आणि खरं थँक्यू

मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन सार्नी यांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग जरा खट्याळच आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्यांनी एक छोटंसं काम दिलं आणि त्याबद्दल छानशी भेट दिली. दुसऱ्या खेपेला मुलं तीच आशा धरून आली, तर हातात पडलं तान्ह्या बाळाचं खेळणं! त्या क्षणी चेहऱ्यावर काय उमटतं ते कॅमेरा टिपत होता. लहान मुलांच्या, त्यातही मुलग्यांच्या, चेहऱ्यावर नाराजी उघड दिसली. मोठ्या मुलींनी हसून ती झाकली. मधल्या वयातली काही मुलं ओठ चावत बाईंकडे बघत राहिली. हसायचं असतं हे त्यांना कळलं होतं, जमत मात्र नव्हतं.

मोठेपणी हसणं जमून जातं. अडतं ते शब्दांपाशी.

बेला डीपॉलो आणि कॅथी बेल यांनी १९९६ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांनी आधी काही चित्रं बघून आवडती आणि नावडती निवडली. मग त्यांची गाठ एका चित्रकलेच्या विद्यार्थिनीशी घालून दिली. त्यातलं एखादं नावडतं चित्र दाखवून ती म्हणायची, ‘हे मीच काढलंय.’ आता काय बोलणार? अशा वेळी लोक सहसा सरळ थाप मारत नव्हते. चित्रातल्या बऱ्या गोष्टींवर जास्त बोलायचे आणि खटकलेल्या गिळून टाकायचे. एकेक वाक्य खरं, पण सगळं मिळून होणारा समज खोटा.

भेटवस्तूच्या बाबतीत या सोयीची किंमत पुढे मोजावी लागते. माझंच सांगते. एका मैत्रिणीने मला लोकरीचा स्वेटर दिला. घातला आणि दहा मिनिटांत मान लाल झाली. लोकरीचं हे टोचणं बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू सहज वाकत नाहीत, त्यांची टोकं त्वचेतल्या मज्जातंतूंना ढोसतात आणि खाज सुटते. मी मात्र तिला म्हणाले, ‘कसला उबदार आहे गं! आणि रंग तर काय!’ दोन्ही खरं होतं. पुढच्या वाढदिवसाला त्याच लोकरीचा मफलर आला. दोष तिचा कसा म्हणू? तिने माझ्याच शब्दांवर विश्वास ठेवला होता.

मग खरं आणि गोड एकत्र बोलायचं कसं? सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास इथे कामी येतो. त्यांनी जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगितलं आणि त्या बोलण्याचे दोन धागे वेगळे काढले. एक, ‘यामुळे मला काय मिळालं’. दुसरा, ‘हे केलंस यातून तू कशी आहेस ते दिसतं’. ऐकणाऱ्याला आपलेपणा जाणवला तो दुसऱ्या धाग्यामुळे. पहिल्याचा तसा परिणाम दिसला नाही. हा अभ्यास जोडप्यांचा होता, भेट न आवडल्याचा नव्हता, हे खरं. तरी मला त्यात वाट दिसते. न आवडलेल्या भेटीत गडबड असते ती पहिल्या धाग्यात. दुसरा शाबूत असतो, त्याबद्दल खोटं बोलावंच लागत नाही.

म्हणून मफलरच्या वेळी मी वस्तूचं कौतुक टाळलं. म्हणाले, ‘मला सकाळी गारठा सोसत नाही, हे मी एकदाच कधीतरी बोलले असेन. तू ते लक्षात ठेवलंस. असं लक्ष फार कमी लोक देतात.’ एवढंच. त्याच दमात ‘पण’ आणला नाही. ‘पण’ आला की आधीचं कौतुक प्रस्तावना वाटू लागतं आणि समोरचा पुढच्या वाराची वाट बघत बसतो.

दोन दिवसांनी फोनवर तिनेच विचारलं, ‘घालतेस ना?’ तेव्हा सांगितलं, ‘अगं, माझ्या मानेला लोकर टोचते. स्वेटरच्या वेळीच बोलायला हवं होतं, तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले.’ कारण माझ्या कातडीचं होतं, तिच्या निवडीचं नव्हतं, त्यामुळे मला सोपं गेलं. नुसता रंग आवडला नसता आणि तिने विचारलंही नसतं, तर मी बोलले नसते. वस्तू बदलून मिळणार असेल किंवा तीच चूक पुन्हा होणार असेल, तर सांगण्यात अर्थ आहे. तिने हाताने विणलेलं आणि एकदाच दिलेलं असेल, तर ते कपाटात नीट घडी करून ठेवावं.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे वर्षभर तो स्वेटर नुसता पडून आहे? आण इकडे, माझ्या मापाचाच घेतला होता.’